गोदामाच्या स्प्रिंकलर कॅल्क्युलेशनचा सारांश कसा वाचावा: धोका वर्ग, घनता आणि सर्वांत दूरचं क्षेत्र

प्रश्न: भिवंडीला आमचं ४२ × ६० मीटरचं तळमजल्याचं गोदाम आहे, स्लॅब ५.८ मीटरवर. खोक्यात बांधलेले प्लास्टिकचे टब आणि डबे लाकडी पॅलेटवर ३ मीटरपर्यंत रचतो, रॅक नाहीत. ठेकेदाराने एनएफपीए १३ या अमेरिकी नियमाप्रमाणे सारांश दिलाय: एक्स्ट्रा हॅझर्ड ग्रुप २, घनता १६.३ मिमी प्रति मिनिट, क्षेत्र २३२ चौरस मीटर, २६ हेड, प्रवाह ४,३८२ लिटर प्रति मिनिट. हे आकडे आले कुठून, सर्वांत दूरचं क्षेत्र म्हणजे नेमकं कुठलं, आणि मी तपासायचं काय?

उत्तर:

सगळ्याची सुरुवात मालापासून होते, इमारतीपासून नाही. तुमचे टब पॉलिप्रोपिलीनचे असणार. पॉलिप्रोपिलीन, पॉलिथिलीन, पॉलिस्टायरीन, एबीएस ही प्लास्टिकं एनएफपीएच्या वर्गवारीत 'ग्रुप ए' म्हणजे सर्वांत जोमाने जळणाऱ्या गटात येतात. त्यातही फुगवलेलं (थर्माकोल, फोम) आणि न फुगवलेलं, तसंच खोक्यातलं आणि उघडं असे भेद आहेत. तुमचा माल ग्रुप ए, न फुगवलेला, खोक्यातला. रचणी ३ मीटर आहे, म्हणजे १० फुटांच्या आत. एनएफपीएच्या तक्त्यात या मालाला ५ ते १० फूट रचणीसाठी छत १५ फुटांपर्यंत, म्हणजे ४.५७ मीटरपर्यंत असेल तर एक्स्ट्रा हॅझर्ड ग्रुप १ पुरतो. छत २० फुटांपर्यंत, म्हणजे ६.१ मीटरपर्यंत असेल तर ग्रुप २ लागतो. तुमचा स्लॅब ५.८ मीटरवर आहे, म्हणून ग्रुप २. ठेकेदाराने वर्ग बरोबर धरलाय.

छत उंच झालं की वर्ग का चढतो, हा प्रश्न साहजिक आहे. रचणी तेवढीच असली तरी हेड आगीपासून लांब गेलेलं असतं. बल्ब फुटायला वेळ लागतो आणि तोवर आग मोठी होते. मग गरम हवा छताखाली जास्त पसरते आणि आगीवर नसलेली हेडही उघडतात. शिवाय थेंबांना वर उसळणाऱ्या धुरातून जास्त अंतर कापत खाली यावं लागतं. त्यामुळे 'छत उंच आहे, हवा खेळती आहे, मग धोका कमी' हा हिशेब इथे उलटा पडतो.

सारांशाच्या पहिल्याच पानावर मालाचं वर्णन, रचणीची उंची आणि छताची उंची अशा तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. नुसतं 'वेअरहाऊस, ईएच २' लिहिलं असेल तर सारांश परत पाठवा. उद्या टब खोक्याशिवाय उघडे रचले किंवा खोक्यात थर्माकोलचं पॅकिंग वाढलं तर तक्त्यातली ओळच बदलते आणि खालचा एकही आकडा लागू राहत नाही. रचणी १२ फुटांच्या म्हणजे ३.७ मीटरच्या वर गेली तर हा तक्ताच संपतो आणि उंच साठवणुकीची वेगळी प्रकरणं लागतात. आणखी एक घोळ नेहमी दिसतो. आपल्याकडच्या आयएस १५१०५ मध्ये लाइट, मॉडरेट, हाय अशी वेगळी वर्गवारी आहे. वर्ग एका नियमातला आणि घनता दुसऱ्यातली अशी सरमिसळ असलेला सारांश कुठल्याच नियमाने बरोबर ठरत नाही.

घनता आणि पहिलं हेड

ग्रुप २ ची घनता ०.४० गॅलन प्रति मिनिट प्रति चौरस फूट आणि क्षेत्र २,५०० चौरस फूट. आपल्या मापात १६.३ मिमी प्रति मिनिट आणि २३२ चौरस मीटर. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. त्यामुळे अर्थ सरळ आहे: आगीच्या वेळी दर चौरस मीटरवर मिनिटाला १६.३ लिटर पाणी पडलं पाहिजे आणि २३२ चौरस मीटरवरची सगळी हेड एकदम उघडली तरी ते पडत राहिलं पाहिजे. अख्ख्या गोदामात २८० हेड आहेत, पण हिशेब २६ चाच. सगळी एकदम उघडतील असं धरत नाहीत. आग २३२ चौरस मीटरच्या आत आवरेल एवढं पाणी द्यायचं, हीच या पद्धतीमागची कल्पना. म्हणूनच घनता कमी पडली तर क्षेत्राचा आकडाही खोटा ठरतो, कारण आग आवरत नाही आणि सत्ताविसावं हेड उघडतं.

तुमच्या नकाशात हेड ३.० × ३.० मीटरवर आहेत, म्हणजे एका हेडखाली ९.० चौरस मीटर. या घनतेला कमाल ९.३ चालतं. आता पहिलं, म्हणजे सर्वांत टोकाचं हेड:

```
q = 16.3 × 3.0 × 3.0 = 146.7 L/min
P = (q / K)^2 = (146.7 / 160)^2 = 0.84 bar
```

के हा हेडच्या छिद्राचा आकडा. के-१६० घेतल्यामुळे टोकाला ०.८४ बार पुरतो. हेच पाणी के-११५ मधून काढायचं तर १.६३ बार लागले असते आणि के-८० मधून ३.३६ बार. म्हणून साठवणुकीच्या जागी मोठ्या छिद्राचं हेड घेतात: पंपावर ताण कमी येतो आणि थेंबही मोठे पडतात. साइटवर हे आवर्जून बघा. के-१६० संपलं म्हणून कोणी के-८० बसवलं तर त्याच ०.८४ बारला फक्त ७३ लिटर निघतील आणि त्या चौकोनात घनता निम्मी होईल. कॅल्क्युलेशनमध्ये ही चूक कधीच दिसत नाही. हेडच्या अंगावर कोरलेला आकडाच वाचावा लागतो.

सर्वांत दूरचं क्षेत्र

इथे 'दूर' म्हणजे फुटपट्टीने दूर नव्हे. पाण्याला जिथे पोचायला सर्वांत जास्त दाब खर्च करावा लागतो ती जागा. तुमची रचना झाडासारखी आहे: मधोमध ६० मीटरचा मेन, दोन्ही बाजूंना दर ३ मीटरवर फांद्या, फांदीवर ७ हेड, आणि पाणी वर आणणारा उभा पाइप म्हणजे रायझर एका टोकाला. सगळी हेड एकाच उंचीवर, फांद्या सारख्याच मापाच्या. त्यामुळे इथे रायझरपासूनचं लांबचं टोक हेच हायड्रॉलिकदृष्ट्याही सर्वांत दूर आहे. नेहमी असं नसतं. एखाद्या जवळच्या भागात पाइप बारीक असेल, किंवा मधल्या भागात हेड जास्त उंचीवर असतील, तर तो भाग जास्त अवघड ठरू शकतो. ग्रिड रचनेत, जिथे फांद्यांना दोन्ही टोकांनी पाणी येतं, तिथे तर नजरेने ठरवताच येत नाही. तिथे क्षेत्र एकेक हेड इकडे-तिकडे सरकवून दाब सर्वांत जास्त कुठे लागतो ते दाखवावं लागतं. ग्रिडचा एकच हिशेब दिला असेल तर तो अर्धवट समजा.

आता या क्षेत्राचा आकार. फांदीच्या दिशेने त्याची लांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या किमान १.२ पट धरतात:

```
1.2 × √232 = 18.28 m
18.28 / 3.0 = 6.09  →  7
232 / 9.0  = 25.8  →  26
```

यातली दुसरी ओळ नीट बघा. ६.०९ आलं की हात आपोआप ६ लिहितो. चालत नाही, नेहमी वर जायचं, म्हणून ७. गंमत अशी की हेड ३.०५ मीटरवर असती, म्हणजे सरळ १० फुटांवर, तर उत्तर बरोबर ६ आलं असतं. जुन्या, फुटांतल्या नकाशावरून नक्कल केलेल्या सारांशात हा ६ तसाच राहून जातो. आयत फांदीच्या दिशेने लांब का, तर एका फांदीवर जास्त हेड उघडली की त्या बारीक पाइपमधून जास्त पाणी ओढलं जातं आणि दाब तिथेच खर्च होतो. तुमच्या फांदीला ६५ चा पाइप असल्याने ६ धरलं असतं तरी फांदीच्या मुळाशी फरक ०.०७ बारचाच पडला असता. पाइप बारीक असता तर तो वाढला असता.

म्हणजे पहिल्या तीन फांद्यांवर ७, ७, ७ आणि चौथीवर उरलेली ५. ही पाच मेनच्या बाजूची धरायची, टोकाची नाही, कारण मेनजवळ दाब जास्त असल्याने तिथलं हेड जास्त पाणी ओढतं. एकूण २६ × ९ म्हणजे २३४ चौरस मीटर. २३२ पेक्षा कमी भरता कामा नये.

टोकाकडून मेनकडे

हिशेब नेहमी टोकाच्या हेडपासून पंपाकडे येतो. घर्षणाला हेझन-विल्यम्सचं सूत्र: Q लिटर प्रति मिनिट, d आतला व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर प्रति मीटर बार. C हा पाइपच्या आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा, पाण्याने भरलेल्या लोखंडी पाइपला तो १२० धरतात.

```
p = 6.05 × 10^5 × Q^1.85 / (C^1.85 × d^4.87)
```

फांदीवर आयएस १२३९ चा हेवी पाइप आहे: पहिला तुकडा ४० एनबी, म्हणजे नावाला ४० मिमी व्यासाचा, पुढचे दोन ५० चे, नंतर मेनपर्यंत ६५ चा. टोकाचं हेड १४६.७ लिटर देतं. ४० च्या पाइपमधून ३ मीटर येताना ०.०४ बार जातो, म्हणून दुसऱ्या हेडपाशी दाब ०.८८ बार असतो. तिथे दाब जास्त, म्हणून ते हेड १४६.७ वर थांबत नाही, १५०.२ देतं. तिसरं १५४, चौथं १६२ असं वाढत मेनजवळचं सातवं हेड १७९ लिटर देतं. त्या सगळ्यांचे १,१२९ लिटर पुढे मेनच्या टी मधून यायचे. ६५ च्या टी ची भरपाई ३.७ मीटर पाइपएवढी. ती धरून फांदीच्या मुळाशी १.५० बार लागतात.

मेनवर ३ मीटर पुढे आलं की दुसऱ्या फांदीपाशी १.५२ बार असतात. ती १,१३६ लिटर घेते, तिसरी १,१५९, आणि पाच हेडची चौथी १.७२ बारला ९५८. बेरीज ४,३८२ लिटर, तुमच्या सारांशातला आकडा.

सारांश खरा आहे की भरून काढलाय हे ओळखायची उत्तम खूण याच आकड्यात आहे. २६ हेडना १४६.७ ने गुणलं तर ३,८१४ येतात. प्रत्यक्षात ४,३८२, म्हणजे १५ टक्के जास्त. हे जास्तीचं पाणी पंपाकडच्या हेडांवरच्या वाढीव दाबामुळे टाळता येत नाही. कुणी बरोबर ३,८१४ किंवा क्षेत्र गुणिले घनता म्हणजे ३,७८२ लिहून दिलं असेल, तर प्रत्येक हेडचा हिशेब झालेलाच नाही, नुसता गुणाकार झालाय. उलट, ३० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर फांदीचे पाइप बारीक आहेत.

पाइपचा आतला व्यासही तपासा. सॉफ्टवेअरमध्ये बहुधा अमेरिकी शेड्यूल ४० आधीच भरलेलं असतं. त्यात ५० चा आतला व्यास ५२.५ मिमी आहे, आयएस १२३९ हेवीचा ५१.३. फरक सव्वा मिलिमीटरचा, पण व्यासाचा घात ४.८७ असल्याने घर्षण १२ टक्के वाढतं.

मोठा खेळ मात्र मेनमध्ये आहे. चार फांद्यांपर्यंत मेन १०० एनबी ठेवला तरी चालतो. तिथून रायझरपर्यंतचे ४९ मीटरही १०० मध्येच आणले असते तर ३.५५ बार तिथेच संपले असते. १५० मध्ये ०.५१ बार. तुमच्या नकाशात १५० आहे. साइटवर 'शेवटपर्यंत १०० च टाकूया, माल पडून आहे' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

रायझर, पंप, टाकी

चौथ्या फांदीपासून खाली येताना ४९ मीटर मेन, ६ मीटर रायझर, एक एल्बो, अलार्म व्हॉल्व्ह आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह, सगळं १५० मध्ये. फिटिंगची भरपाई धरून ७२ मीटर, म्हणजे ०.७५ बार. उंचीचे ६ मीटर म्हणजे ०.५९ बार. रायझरच्या पायथ्याशी ३.०६ बार. पुढे यार्डातले ६० मीटर, तीन एल्बो, एक बटरफ्लाय आणि पंपाचा चेक व्हॉल्व्ह धरले की आणखी ०.८९. पंपाच्या तोंडाशी ४,३८२ लिटरला ३.९५ बार. अलार्म व्हॉल्व्हची भरपाई मी साध्या चेक व्हॉल्व्हएवढी धरलीये. ठेकेदाराने बसवलेल्या व्हॉल्व्हच्या कंपनीचा आकडा घातला पाहिजे.

यात आग विझवणाऱ्यांच्या हातातल्या होजचे १,९०० लिटर मिळवायचे, म्हणजे ६,२८२. हायड्रंटची लाइन पंपाच्या हेडरवरूनच वेगळी निघत असेल तर ते तिथेच मिळवतात. एकाच यार्ड पाइपमधून दोन्ही जात असतील तर त्या ६० मीटरचं घर्षण ६,२८२ ला काढावं लागतं. आपल्याकडे मिळणाऱ्या पंपांत २७३ घनमीटर प्रति तासाचा ४,५५० लिटर देतो, तो पुरत नाही. पुढचा ४१० चा, ६,८३३ लिटर.

टाकीच्या बाबतीत बहुतेक सारांश कमी पडतात. एक्स्ट्रा हॅझर्डला ९० ते १२० मिनिटं पाणी हवं. ६,२८२ ला ९० ने गुणून ५६५ घनमीटर लिहितात आणि विषय संपवतात. पण पंप ३.९५ बारचा कोणी घेत नाही. हायड्रंटसाठी साधारण ७ बारचा येतो. मग हेडना जास्त दाब मिळतो, ती जास्त पाणी ओढतात आणि पंपाचा आणि गोदामाचा दाब-प्रवाहाचा वक्र साधारण ७,८०० लिटरच्या घरात भेटतात. त्या हिशेबाने ५६५ घनमीटरची टाकी सव्वा तास व्हायच्या आतच तळाला लागते. आग रायझरजवळच्या भागात लागली तर मेनमधला खर्चही वाचतो आणि ओढ आणखी वाढते. युरोपीय नियमांत याच कारणासाठी सर्वांत अवघड क्षेत्राबरोबर सर्वांत सोप्या क्षेत्राचाही हिशेब मागतात. एनएफपीए तो मागत नाही, तरी ठेकेदाराकडून पंपाच्या वक्रावर दोन्ही रेषा काढून घ्या आणि टाकी छेदबिंदूच्या प्रवाहावर ठरवा. टाकी आधीच बांधून झाली असेल तर कमी दाबाचा पंप किंवा स्प्रिंकलर आणि हायड्रंटचे वेगळे पंप हे मार्ग उरतात.

शेवटी रायझरवर लावायची धातूची पाटी. तिच्यावर हे आकडे हवेत: माल ग्रुप ए, न फुगवलेला, खोक्यातला, रचणी ३.० मीटर, घनता १६.३; क्षेत्र २३२ आणि ते नकाशावर कुठे; रायझरच्या पायथ्याशी ४,३८२ लिटरला ३.०६ बार, होज १,९०० लिटर, बसवणाऱ्याचं नाव. आजच्या मालावर ही पाटी बरोबर आहे. भाडेकरू बदलला की फोर्कलिफ्टवाल्याने रचणी कुठवर नेलीये ते टेपने मोजा आणि पाटीशी ताडा.